हक्काचे पैसे, हंगामाचे पैसे

जून २०२४च्या शेवटच्या आठवड्यात राणीसावरगावला गेलो तेव्हा कारखान्याच्या आवारात एक गाडीसुद्धा उभी नव्हती. काट्यावर धूळ बसलेली, रेचे ताडपत्रीने झाकलेले. गंगाखेडहून गावाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या लागवडी चालल्या होत्या. जो कापूस तेव्हा सरकीच्या दाण्यात होता, त्याला याच आवारात पोचायला पाच महिने लागणार होते. आम्ही मात्र गेल्या हंगामाच्या नफ्याचं काय करायचं, हे ठरवायला बसलो होतो.

कंपनी जिनिंग-प्रेसिंगची. तीन भावांनी भागीदारीत सुरू केलेली आणि पुढे प्रायव्हेट लिमिटेड झालेली. भागभांडवल एक कोटी, म्हणजे दहा रुपयांचे दहा लाख शेअर. थोरले अण्णा ४० टक्के, धाकटे नाना ३५ टक्के. मधले भाऊ वारल्यावर त्यांचे २५ टक्के काकूंच्या नावावर आले. अण्णा आणि नाना संचालक आहेत, दोघांना पगार आहे. काकू कंपनीत काम करत नाहीत, म्हणून त्यांना पगार नाही. मी परभणीचा सीए. ऑडिट नांदेडचे एक गृहस्थ करतात, कारण हिशेब तपासणाऱ्यानेच व्यवस्थापनाला असले सल्ले देणं कायद्याला मान्य नाही. माझं काम कर, बँक आणि अशा बैठका.

त्या वर्षी कंपनीला १ कोटी ६० लाखांचा नफा झाला होता. सुमारे ४० लाख कर वजा जाता १ कोटी २० लाख उरले. नाना म्हणाले, "या साली काही वाटू नका साहेब. सरकीचं तेल काढायची मशिनरी घ्यायची म्हणतोय." अण्णांना परभणीत धाकट्या मुलासाठी घर घ्यायचं होतं, त्यांना ४० लाख हवे होते. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला किती मिळणार हे मी विचारत नाही. पण हक्काचे असतील तर दर वेळी मागावे का लागतात, एवढं सांगा."

या प्रश्नाला माझी स्वतःची एक चूक चिकटलेली होती.

२०२१-२२च्या हंगामात कापसाने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. आमच्याकडे स्वस्तात घेतलेल्या रुईच्या गाठी होत्या, त्या महाग विकल्या गेल्या आणि कंपनीने कधी पाहिला नव्हता असा नफा ताळेबंदात दिसला. सप्टेंबर २०२२च्या सर्वसाधारण सभेसाठी ९० लाखांचा लाभांश सुचवायला मीच सांगितलं. नफा होता, बँकेत शिल्लक होती, हप्ते वेळेवर जात होते. ऑक्टोबरअखेर पैसे वाटून झाले आणि नेमका त्याच वेळी नवा हंगाम सुरू झाला. गेल्या वर्षीचा भाव पुन्हा येईल म्हणून शेतकऱ्यांनी कापूस घरातच ठेवला. दोन महिने रेचे जवळजवळ बंद. पगार, व्याज आणि विजेचा किमान आकार मात्र चालूच होता. पुढे भाव उतरायला लागल्यावर सगळ्यांनी एकदम गाड्या भरल्या, तेव्हा आमची सीसीची मर्यादा पुरेना. खाजगीतून १८ टक्क्यांनी ३० लाख उचलावे लागले. महाग घेतलेल्या गाठी पडत्या भावात गेल्या. २०२३मध्ये लाभांश शून्य. त्याच जूनमध्ये काकूंच्या मुलाचा पुण्यात प्रवेश झाला आणि त्यांनी पाटल्या गहाण ठेवल्या. हे मला मुनीमजींकडून वर्षभराने कळलं.

चूक लाभांश देण्यात नव्हती. भावाच्या चढीने आलेला नफा मी कमाईसारखा मोजला. खरं म्हणजे तोच माल पुन्हा भरायचा तर तो नफा नव्या भावाने परत कापसात घालावा लागतो. दुसरी चूक वेळेची. सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते आणि जाहीर केल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. जिनिंगच्या धंद्यात याचा अर्थ ऑक्टोबर. सप्टेंबरमध्ये खात्यात जे निवांत पडलेलं दिसतं, ते रिकामं नसतं. ते दिवाळीनंतरच्या कापसाची वाट बघत असतं.

म्हणून या खेपेला मी बैठक जूनमध्येच बोलावली. वर्ष संपल्यापासून सभा होईपर्यंतच्या काळात संचालक मंडळ अंतरिम लाभांश जाहीर करू शकतं. गाठी विकून झालेल्या असतात, सीसी खाली आलेली असते, आणि घरोघरी पैशाची निकडही याच दिवसांत असते.

मुनीमजींकडून मी पहिल्यांदा गाठींचा हिशेब घेतला. ३१ मार्चला ९०० गाठी गोदामात होत्या. गाठ १७० किलोची आणि भाव गाठीला २८ हजारांच्या आसपास, म्हणजे सुमारे अडीच कोटींचा माल. ताळेबंदातला नफा तोवर रुईच्या रूपात होता. बैठकीच्या दिवशी १४० गाठी उरल्या होत्या, बाकीच्यांचे पैसे जमा झाले होते. हे बघितल्याशिवाय लाभांशाचा आकडा बोलायचा नाही, असं मी स्वतःला बजावून गेलो होतो.

मग वहीचं कोरं पान घेतलं आणि तिघांसमोर एकेक ओळ लिहीत गेलो.

करानंतरचा नफा १२० लाख. त्यात घसारा ३० लाख मिळवला, कारण तो खर्च दिसतो पण त्यापायी पैसा बाहेर जात नाही. झाले १५० लाख. बँकेच्या मुदत कर्जाचे वर्षाचे हप्ते ३४ लाख. रेच्यांचे रोलर, सुऱ्या, पट्टे, मोटारी यांची दुरुस्ती जी केल्याशिवाय हंगाम उघडत नाही, ती १६ लाख. उरले १०० लाख.

नाना म्हणाले, "हे शंभर म्हणजे आपलेच ना आता?"

म्हटलं, रोज किती कापूस घेता? ते म्हणाले भर हंगामात ६०० क्विंटल. ३४ टक्के उतारा धरला तर २०४ क्विंटल रुई, म्हणजे १२० गाठी. कापूस आणणाऱ्याला पैसे लगेच द्यावे लागतात. सरकी चार दिवसांत विकली जाते, पण गाठींचे पैसे हातात यायला मिळून बारा दिवस जातात. ६०० क्विंटल गुणिले बारा दिवस, ७,२०० क्विंटल कापूस कायम आपल्या पैशाने धरून ठेवलेला असतो. सात हजार भावाने ते पाच कोटी चार लाख झाले. सीसी चार कोटींची, बाकी कंपनीचे स्वतःचे.

बैठकीच्या आठवडाभर आधी केंद्राने हमीभाव जाहीर केले होते. लांब धाग्याच्या कापसाचा भाव ७,०२० वरून ७,५२१ झाला होता. बाजार त्याच्या मागे गेला तर ७,२०० क्विंटलला पाचशे रुपयांनी ३६ लाख जास्त लागणार होते. सीसी जानेवारीत आधीच शिगेला पोचत होती, म्हणजे हे ३६ लाख घरचेच घालावे लागणार. एक क्विंटलही जास्त न घेता, एकही रेचा न वाढवता, नुसतं तेवढंच काम पुन्हा करायला. हे लिहिल्यावर अण्णा वहीकडे बघत राहिले. चाळीस वर्षं कापसात घालवलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. लाभांशाच्या हिशेबात ते येतं, हे कुणी दाखवलं नव्हतं.

१०० मधून ३६ गेले, राहिले ६४.

आता नवी मशिनरी. नानांचा तेलाचा प्रस्ताव १ कोटी १० लाखांचा होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वर्षाला साठ हजार क्विंटल कापसातून जवळपास अडतीस हजार क्विंटल सरकी निघते, ती दुसऱ्याला कशाला द्यायची? मी मुनीमजींना आधीच पाच हंगामांचे भाव काढायला सांगितले होते. त्या त्या महिन्यात सरकी काय भावाने विकली, तेल आणि पेंड काय भावाने गेलं असतं, मधला खर्च किती. पाचपैकी दोनच हंगामांत अंतर चांगलं निघालं, एका वर्षी खर्चही सुटत नव्हता. सरासरी वर्षाला ११ लाख, म्हणजे गुंतवणुकीवर दहा टक्के. सीसीचं व्याजच आम्ही सव्वादहा टक्के भरत होतो. जो पैसा कर्ज कमी करूनही तेवढंच वाचवतो, तो जोखीम घेऊन मशिनरीत कशाला घालायचा? नानांना ते आवडलं नाही. पण आकडे त्यांच्याच खरेदीविक्रीच्या वहीतले होते, म्हणून ते वाद न घालता म्हणाले, "मग पुढल्या साली परत काढू."

त्याऐवजी दोन लहान कामं पुढे आली. एक प्री-क्लीनर, २८ लाखांचा. वेचणीला माणसं मिळत नाहीत, कापसात पाला जास्त येतो आणि सूतगिरणी कचऱ्याचे पैसे कापते. वर्षाच्या बारा हजार गाठींतल्या निम्म्यांना गाठीमागे दोनशे रुपये जास्त मिळाले तरी बारा लाख होतात. दुसरं काम आग विझवायच्या पाण्याच्या लाइनचं, १२ लाखांचं. त्यातून उत्पन्न येत नाही, पण जिनिंगमध्ये एक ठिणगी सगळा हंगाम खाते आणि विमा कंपनी ती लाइन मागत होती. दोन्ही मिळून ४० लाख. बँक २४ देणार, घरचे १६. राहिले ४८.

शेवटची ओळ मी २०२२च्या नावाने लिहिली. कारखाना दोन महिने बंद राहिला तर महिन्याला सहा लाखांचा खर्च चालूच राहतो. त्याचे १२ लाख बाजूला. उरले ३६ लाख.

शेअरमागे ३ रुपये ६० पैसे. अण्णांना १४ लाख ४०, नानांना १२ लाख ६०, काकूंना ९ लाख.

इथे बैठक संपायला हवी होती. खरी तर ती इथून सुरू झाली.

अण्णा म्हणाले, "मला चाळीस लागतात आणि तुम्ही चौदा सांगताय."

लाभांश हे असं दार आहे की एकाला आत घ्यायला उघडलं की सगळ्यांसाठी उघडतं, आणि तेही प्रत्येकाच्या वाट्याच्या मापाने. अण्णांना त्यातून ४० लाख द्यायचे तर कंपनीने एक कोटी वाटायला हवा: नानांना ३५, काकूंना २५. छत्तीस लाखांच्या जागी शंभर. वर अण्णा पगार आणि व्याज धरून आधीच तीस टक्क्यांच्या टप्प्यात होते. मार्च २०२०पर्यंत लाभांशावरचा कर कंपनीच भरायची आणि घरी आलेला पैसा बहुतांश घरांत करमुक्त असायचा. त्यानंतर तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. चाळीस लाखांपैकी साडेबारा लाखांहून जास्त करातच गेले असते.

मग मी अण्णांचं दुसरं खातं उघडलं. कंपनीत घरच्यांच्या ठेवी होत्या, ७२ लाखांच्या, नऊ टक्क्यांनी. त्यातल्या ४५ लाख अण्णांच्या. स्वतःचं मुद्दल परत घेणं हे उत्पन्न नव्हे, त्यावर कर नाही. अडचण बँकेची होती. मंजुरीपत्रात अट होती की घरच्यांच्या किमान ५० लाखांच्या ठेवी कर्ज फिटेपर्यंत कंपनीतच राहतील. म्हणजे २२ लाख मोकळे होते. बँकेला पत्र देऊन लेखी संमती घेतली आणि अण्णांना २० लाख परत केले. मघाचा हिशेब यामुळे बिघडला का, हेही पाहिलं. त्या पैशाची ऑक्टोबरनंतर गरज पडली असती, म्हणून सीसीत वीस लाखांची वाढ त्याच पत्रात मागितली आणि ती मिळाल्यावरच रक्कम सोडली. लाभांशाचे कर वजा जाता सुमारे १० लाख आले. उरलेल्या दहासाठी गृहकर्ज. घराचं कर्ज सीसीपेक्षा स्वस्त असतं, हे अण्णांना पटायला मात्र दोन चहा लागले. "या वयात हप्ता?" एवढंच ते म्हणत होते.

नानांचा प्रश्न वेगळा होता, आणि त्या दिवशीचा सगळ्यात अवघड. ते म्हणाले, "मला बारा लाख साठ हजार नकोत. चार लाख कर भरणार, उरलेले ऑक्टोबरात कंपनीलाच उसने देणार. फक्त वहिनींना का देत नाही?"

त्यांचं गणित बरोबर होतं. अण्णांचा कर साडेचार लाख, नानांचा जवळपास चार, काकूंचा अर्ध्या लाखाच्या आत. काकूंच्या हातात ९ लाख पोचवायला घरातून एकूण पावणेनऊ लाखांच्या वर कर जात होता. कोणाही धंदेवाल्याला हे टोचेल.

पण मार्ग कोणते होते? काकूंना कागदावर पगार दाखवायचा तर त्या काम करत नाहीत; नातेवाइकाला दिलेला असा खर्च आयकर खातं नाकारू शकतं आणि खोट्या कागदाचं ओझं वर. उचल म्हणून द्यायची, तर ती वाट आम्ही एकदा चालून बघितली होती. काही वर्षांपूर्वी खातेवहीत 'वहिनी – उचल' या नावाखाली ४ लाख २० हजार सापडले होते. दर महिन्याला नाना थोडे थोडे देत गेले, भावाच्या बायकोला नाही कसं म्हणायचं. पण दहा टक्के किंवा त्याहून जास्त मतांचा वाटा असलेल्या भागधारकाला अशा कंपनीने दिलेलं कर्ज आयकराच्या लेखी लाभांशच ठरतं, साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत. परत फेडलं तरी तो ठपका पुसला जात नाही. त्या वर्षी ती रक्कम काकूंच्या उत्पन्नात दाखवून कर भरला, आणि मुनीमजींना सांगितलं की हे खातं पुन्हा उघडायचं नाही.

राहिला एक सरळ मार्ग. एकाच वर्गाच्या शेअरवर दर सारखाच द्यावा लागतो, पण वर्ग वेगळा करता येतो. काकूंचे काही शेअर ठरावीक लाभांशाच्या प्रेफरन्स शेअरमध्ये बदलायचे, मग त्यांना दर साल ठरलेली रक्कम आणि बाकीच्यांना काही नाही. मी हे समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे उद्या कारखाना वाढला तर माझा वाटा वाढणार नाही?"

म्हटलं, त्या शेअरपुरता नाही वाढणार.

"मग नको. त्यांनी सुरू केलेला आहे कारखाना. पोराला कळलं पाहिजे की त्यात त्याचं पण आहे."

नाना काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "द्या मग सगळ्यांनाच." तो जादा कर म्हणजे तीन घरं एका कारखान्यात सारख्या हक्काने राहण्याची किंमत आहे, असं मी तेव्हा म्हटलं नाही. आकडा वहीत होता, त्यांनी तो वाचला होता.

उरली एक गोष्ट. ९ लाख या वर्षी, आणि पुढच्या वर्षी? २०२२चे साडेबावीस लाख आणि २०२३चं शून्य यांनी काकूंचं जेवढं नुकसान केलं, तेवढं दोन्ही वर्षं सहा-सहा लाख मिळाले असते तर झालं नसतं. जॉन लिंटनर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९५६मध्ये यावर लिहिलं आहे. त्याने अठ्ठावीस कंपन्यांच्या कारभाऱ्यांना विचारलं, लाभांश कसा ठरवता? त्याला दिसलं की नफा वाढला म्हणून कोणी लगेच तेवढा लाभांश वाढवत नाही. पुढे कापावा लागेल अशी वाढ टाळतात, आणि नफ्याच्या मागे हळूहळू, पायरीपायरीने जातात. मोठ्या कंपन्यांत यामागे बाजाराची भीती असते. आमच्याकडे शेअर बाजार नव्हता, पण काकूंचं घर होतं.

त्यांचा खर्च त्यांनीच सांगितला. घरखर्च महिन्याला पंचवीस हजार, वर्षाचे तीन लाख. मुलाचं कॉलेज आणि होस्टेल अडीच लाख. विमा आणि औषधं पन्नास हजार. सहा लाख. शेअरमागे २ रुपये ४० पैसे दिले की काकूंना बरोबर सहा लाख मिळतात आणि कंपनीतून २४ लाख जातात. पाच वर्षांची पानं चाळली. एक २०२२-२३ सोडलं तर प्रत्येक वर्षी २४ लाख निघाले असते; त्या वर्षीही आदल्या सालचे नव्वद वाटले नसते तर निघाले असते.

म्हणून ठराव दोन भागांत लिहिला. २ रुपये ४० पैसे नेहमीचा, १ रुपया २० पैसे या वर्षापुरता खास. खास हा शब्द मी मुद्दाम घातला. काकूंना सांगितलं की वरचे तीन लाख घरखर्चात धरायचे नाहीत. त्यातून कर भरा, उरलेल्यांची ठेव करा. म्हणजे पुढे दर कमी झाला तरी चूल त्याच मापाने चालेल.

बाकी कागदपत्रांचं काम. बँकेच्या अटी तपासल्या: हप्ता थकीत असेल तर लाभांश नाही, आणि चालू गुणोत्तर १.३३च्या खाली जाता कामा नये. लाभांश गेल्यावर ते १.३८ येत होतं. जाहीर केल्यापासून पाच दिवसांत ३६ लाख वेगळ्या खात्यात जमा केले, तिथून दहा टक्के कर कापून तिघांच्या खात्यांत पाठवले. काकूंचे ९० हजार कापले गेले. जुलैच्या अर्थसंकल्पात कराचे टप्पे बदलले, आणि दुसरं उत्पन्न नसल्यामुळे त्यांचा वर्षाचा कर ४१,६०० रुपये बसला. ४८,४०० परत मिळाले. पाटल्या त्याआधीच सोडवून आणल्या होत्या.

आता माझं कुठे चुकलं तेही सांगतो. हमीभाव वाढला म्हणून बाजार वाढेल आणि ३६ लाख जास्त लागतील, असं मी धरलं होतं. २०२४-२५च्या हंगामात खुल्या बाजारात कापूस हमीभावाच्या खालीच राहिला. शेतकरी भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीकडे वळले. देशभर महामंडळाने त्या हंगामात सुमारे एक कोटी गाठी घेतल्या. आमची स्वतःची खरेदी घटली आणि महामंडळाच्या कापसाचं मजुरीवरचं काम वाढलं. मजुरीच्या कामात भांडवल अडकत नाही, तसा नफाही बेताचाच. राखून ठेवलेले ३६ लाख बराचसा हंगाम सीसी खाली ठेवण्यातच गेले. सहा महिन्यांचं सव्वादहा टक्क्यांनी व्याज धरलं तर १ लाख ८५ हजारांच्या आसपास वाचले. वाटले असते तर चाललं असतं का? त्या वर्षी चाललं असतं. पण जूनमध्ये ते कळायला मार्ग नव्हता, आणि चूक दोन्ही बाजूंना सारखी महाग नसते. जास्त राखलं तर व्याज वाचतं आणि पैसे पुढच्या साली वाटता येतात. जास्त वाटलं तर १८ टक्क्यांनी उचलावे लागतात, हे आम्ही बघितलं होतं.

जून २०२५मध्ये पुन्हा बसलो. नफा आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आला होता. वहीचं तेच पान, त्याच ओळी, नवे आकडे. २ रुपये ४० पैसे निघाले, खास काही नाही. अण्णांनी हप्त्याची कुरकुर केली. नानांनी तेलाची मशिनरी परत काढली. या वेळी सहा हंगामांचे भाव त्यांनी स्वतःच लिहून आणले होते, आणि तेलाचं अंतर अजून पुरेसं नव्हतं.

काकूंनी या वेळी हक्काचं काही विचारलं नाही. सहा लाख येणार हे त्यांना बैठकीआधीच माहीत होतं. वही आपल्याकडे ओढून घेऊन त्यांनी मुनीमजींना विचारलं, "गाठी किती राहिल्यात अजून?"